वन्संच्या लाल खुणा

कारखान्यात तिला सगळे बारीकताई म्हणत. नवा माणूस हे नाव ऐकून जिना चढून वर यायचा आणि दारातच गडबडायचा, कारण ताई अंगानं चांगली ऐसपैस. "बारीक मी नाही हो, माझी नजर," ती सांगायची. "बसा. खुर्ची एकच आहे आणि ती माझी आहे. तुम्ही त्या खोक्यावर बसा."

खाली पत्रा कापायचं लेझर मशिन, वाकवायचा प्रेस आणि वेल्डिंगचा कोपरा. वर पोटमाळ्यावर काचेची एक खोली, तीत बारीकताई. लोक कपाटं, ट्रॉल्या, ओटे, झाकणं, काय काय करून घ्यायला यायचे आणि येताना ड्रॉइंग आणायचे. ड्रॉइंग बहुतेक पीडीएफमध्ये. मूळ कॅडची, म्हणजे ज्या प्रोग्रॅममध्ये ड्रॉइंग काढतात त्याची, फाइल कुणी देत नसे. आर्किटेक्ट तर अशी जपून ठेवायचे, जशी काही मुलीची पत्रिका. तेव्हा पीडीएफमधल्या रेघा पुन्हा कॅडमध्ये आणायच्या, त्या खऱ्या मापाच्या करायच्या आणि मशिनला समजतील अशा खाली पाठवायच्या, हे ताईचं काम.

"पण ते बटण दाबलं की होतं ना?" मालक दर दोन महिन्यांनी विचारायचे. मालकांना नवीन काही वाचलं की चैन पडत नसे.

"होतं ना. बटण दाबलं की होतं. मग नक्की काय झालंय, ते बघायला मी लागते."

"म्हणजे?"

"म्हणजे भाजी शिजवून झाल्यावर तिच्यातनं परत चिरलेली कच्ची भाजी काढायची. निघते हो. पण मीठ कुठं गेलं, ते शोधत बसावं लागतं."

मालक हसून जायचे. लेझरवाला मात्र हसायचा नाही. तो तिच्याच वयाचा, तोंडानं तिखट, पण ताईनं पाठवलेली फाइल तो डोळे मिटून मशिनमध्ये घालायचा. "बारीकताईनं बघितलंय ना? मग देवानं बघितल्यासारखंच," असं म्हणायचा आणि हिरवं बटण दाबायचा.

तर अशा ताईकडे त्या आठवड्यात जे ड्रॉइंग आलं होतं, ते घरचंच होतं. नणंदेच्या ओट्याचं.

नणंद म्हणजे नवऱ्याची धाकटी बहीण. ताईच्याच वयाची. लग्नानंतर सासूबाईंच्या धाकानं ताई तिला 'वन्सं' म्हणायला लागली, आणि सासूबाई गेल्या तरी ते तोंडातून सुटलं नाही. म्हणायचं 'वन्सं', बोलायचं मात्र अगं-तुगं. वन्सं चाकाच्या खुर्चीवर. तरुणपणी झालेल्या अपघातात कमरेखालचं सगळं गेलं होतं. पाय होते, पण त्यांची खबर तिला नव्हती. पायावर काही पडलं तर आवाजावरून कळायचं. डोकं आणि जीभ मात्र दुप्पट चालायची. घरात बसून ती मुलांना गणित शिकवायची. मुलं उत्तरं पाठवायची आणि ही टॅबलेटवर लाल पेननं त्यांची सालं काढायची.

आता वन्संनं स्वतःचं घर घेतलं होतं. तळमजल्यावर, दोन खोल्यांचं. एकटी राहणार होती.

घरात त्यावरून महिनाभर धुसफूस. दादा, म्हणजे ताईचा नवरा, शेवटी म्हणाला, "ठीक आहे. पण स्वयंपाकघर जमलं तरच. स्वतःचं जेवण स्वतःला करता येत नसेल, तर दुसऱ्या दिवशी सामान परत इथं."

"मान्य," वन्सं म्हणाली. "आणि जमलं तर तू जेवायला यायचं आणि तोंड न वाकडं करता खायचं."

म्हणजे सगळं त्या ओट्यावर आलं होतं. खाली खुर्ची शिरेल असा, पुढून मोकळा, स्टीलचा ओटा. आर्किटेक्टबाईंनी ड्रॉइंग केलं, वन्संला पाठवलं, आणि वन्संनं ते ताईला पाठवलं. सोबत एकच ओळ: "फाइल पाठवलीय. नीट बघ."

ताईनं उलट पाठवलं: "मी नीट बघत नाही असं कधी झालंय?"

आणि तिनं खरंच नीट बघितलं. आधी फाइल पडद्यावर मोठी करून पाहिली. मोठी करता करता रेघ दाणेदार झाली तर समजायचं, हा नुसता स्कॅन आहे, फोटो. मग सगळं हातानं गिरवावं लागतं. पण इथली रेघ कितीही जवळ गेलं तरी सुरीच्या पात्यासारखी धारदारच राहिली. म्हणजे आत खऱ्या रेघा होत्या. तिनं फाइल कॅडमध्ये ओढून घेतली. पीडीएफला ओटा माहीत नसतो, कागद माहीत असतो. अठराशे मिलिमीटरचा ओटा कागदावर नव्वद मिलिमीटर होता, तेव्हा सगळं वीस पटीनं वाढवायचं. वाढवलं. लांबी मोजली: अठराशे. एवढ्यावर थांबणारी ती नव्हे. उंची मोजली: आठशे. मग तिरकं, एका कोपऱ्यातून दुसऱ्यात. कधी कधी कागद एका बाजूनं ताणलेला असतो, आणि आडवं बरोबर येऊन उभं चुकतं. इथं तसं नव्हतं.

मग आकड्यांची पाळी. मूळ ड्रॉइंगमधलं माप जिवंत असतं. रेघ ओढून लांब केली की आकडा आपोआप बदलतो. पीडीएफमधून येताना ते नातं तुटतं. रेघ वेगळी, आकडा वेगळा, दोघं एकमेकांशेजारी गाडीतल्या अनोळखी प्रवाशांसारखे बसलेले. म्हणून ताईनं लिहिलेला प्रत्येक आकडा वाचला आणि त्याच्या शेजारची रेघ स्वतः मोजून पाहिली. सगळे आकडे खरे बोलत होते. काही अक्षरं अक्षरं म्हणून आली नव्हती, काड्यांचे तुकडे होऊन आली होती. ती पुसून तिनं पुन्हा टाइप केली. ओट्याचे गोल कोपरे बघताना गोल दिसत होते, पण जवळ गेल्यावर सरळ तुकड्यांची माळ. ते तसंच लेझरकडे गेलं असतं तर कडेला बोट फिरवताना खडे लागले असते. तिनं तिथं वर्तुळाचे खरे, सलग कंस काढले. एकावर एक पडलेल्या जुळ्या रेघा उडवल्या, नाहीतर मशिन एकाच वाटेनं दोनदा जाळत जातं. सांध्यांमधल्या केसाएवढ्या फटी बंद केल्या.

आणि तुटक रेघ. ओट्याखाली, मागे लपलेली म्हणून तुटक दाखवलेली, दोन बाजूंच्या पत्र्यांना जोडणारी एक आडवी पट्टी होती. कॅडमध्ये ती सुट्या सुट्या ठिपक्यांची रांग होऊन आली होती, जणू मुंग्या चालल्यात. घाईतला माणूस कचरा समजून पुसून टाकेल. ताईनं मोठ्या प्रेमानं सगळ्या मुंग्या गोळा केल्या, त्यांची एक सलग पट्टी केली आणि दोन्ही बाजूंच्या पत्र्यांत तिच्यासाठी खाचा ठेवल्या.

शेवटी तिची नेहमीची पद्धत. मूळ पीडीएफ कागदावर छापायची, समोर धरायची आणि पडद्यावरच्या एकेका रेघेसाठी कागदावर हिरव्या पेन्सिलीनं टिक करत जायचं. पडद्यावर डोळे फसतात, कागद फसवत नाही, अशी तिची श्रद्धा. सगळा कागद हिरवा झाला. एकही रेघ सुटली नाही, एकही जास्तीची नव्हती.

ती फाइल घेऊन खाली उतरली तेव्हा गुणगुणत होती.

"घरचं काम म्हणून गाणं वाटतं?" लेझरवाला म्हणाला.

"कापा. आधी बाजूचे दोन्ही पत्रे. वन्संला मी बोलावलंय बघायला."

वन्सं आली तेव्हा दुसरा पत्रा नुकताच मशिनमधून बाहेर येत होता. टॅक्सीवाल्यानं खुर्ची उघडून दिली आणि ती दारातून थेट आत, केबलींच्या जंजाळातून वाट काढत. लेझरवाल्यानं घाईनं दोन खोकी बाजूला सारली.

"सरकवू नका, मी चुकवते," वन्सं म्हणाली. "आमच्या घरात वहिनी आहेच सरकवायला."

"आलीस? चहा?"

"चहा नंतर. आधी दाखव."

जिना चढणं शक्य नव्हतं, म्हणून ताई लॅपटॉपच खाली घेऊन आली आणि लेझरवाल्याच्या टेबलावर उघडला. पडद्यावर ओटा उभा राहिला. पांढऱ्या रेघा, हिरवी मापं, एक धूळ नाही. तिनं तो फिरवून, मोठा करून, लहान करून दाखवला. गोल कोपरे दाखवले. मुंग्यांची गोष्ट सांगितली. "बघ ही पट्टी. दुसऱ्या कुणाकडून गेलीच असती."

वन्संनं खुर्ची पुढे घेतली. पडद्यावर बोट फिरवून काहीतरी शोधायला लागली.

"काय गं?"

"माझं लाल कुठंय?"

"कुठलं लाल?"

"वहिनी, चेष्टा नको."

"अगं, कसली चेष्टा? कुठलं लाल?"

वन्संनं खुर्चीच्या पिशवीतून टॅबलेट काढला, फाइल उघडली आणि लॅपटॉपशेजारी ठेवला. तोच ओटा. त्याच रेघा. पण त्यावर वन्संच्या लाल पेनचे फटकारे, थेट मुलांच्या पेपरावर असायचे तसे. सिंकच्या तळाला जे पाण्याचं भोक होतं, त्याभोवती गोल, आणि बाण मागच्या भिंतीकडे: 'पाइप मागे घ्या. गरम पाण्याचा पाइप मांडीला टेकला तर मला कळणार नाही, भाजून निघेन.' पुढच्या कडेखाली वरच्या दिशेला एक बाण: 'हे थोडं वर. खुर्चीचे हात अडकतील.' आणि ताईनं मुंग्या वेचून केलेल्या त्या पट्टीवर एक मोठी, निर्दय फुली: 'ही नको. पाय ठेवायची पाटी आपटते.'

लेझरवाल्यानं वाकून वाचलं आणि हळूच मशिनचं झाकण लावून टाकलं, जसं काही त्यानं ऐकायला नको होतं.

"हे... हे माझ्याकडे नाहीये," ताई म्हणाली.

"तुला पाठवलंय."

"माझ्याकडे आलेलं नाही."

"तीच फाइल आहे वहिनी! त्या दिवशीचीच. 'नीट बघ' म्हटलं होतं मी. तू काय म्हणालीस? नीट बघत नाही असं कधी झालंय!" वन्संचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "दादा काही बोलला का तुला?"

"काय बोलणार?"

"हेच. की तिचं फार मनावर घेऊ नको. आर्किटेक्टनं केलंय ते बरोबर असेल. ओटा होऊ दे, जमला नाही की येईल आपोआप घरी."

"वन्सं!"

"मग कुठं गेलं ते? रेघन् रेघ मोजलीस म्हणतेस. केसाएवढी फट दिसली. आणि माझं एवढं मोठं लाल दिसलं नाही?"

ताई धडाधडा जिना चढून वर गेली आणि हिरव्या टिकांचा कागद घेऊन तशीच धापा टाकत खाली आली. कागदावरही लाल काही नव्हतं. पांढरा कागद, काळ्या रेघा, हिरव्या टिका. एक क्षण तिला सुटल्यासारखं वाटलं. पुढच्याच क्षणी तिच्या लक्षात आलं, आणि तिनं लॅपटॉप पुढ्यात ओढला.

पीडीएफ वाचायच्या प्रोग्रॅममध्ये 'टिपा दाखवा' अशी एक खूण असते. ती तिनं स्वतःच केव्हातरी काढून टाकली होती. एक गिऱ्हाईक होतं, दर रेघेवर पिवळी चिठ्ठी लावायचं. आकडे दिसेनात म्हणून तिनं कंटाळून सगळ्या चिठ्ठ्यांवर पडदा टाकला. पडदा तसाच राहिला. तिनं आता लॅपटॉपवर ती खूण परत लावली. लाल रेघा एकदम फुटून वर आल्या.

"हं," वन्सं म्हणाली. "आलं."

"थांब." ताईनं फाइल पुन्हा एकदा, वन्संच्या डोळ्यांदेखत, कॅडमध्ये ओढली. रेघा आल्या, आकडे आले, मुंग्यासुद्धा आल्या. लाल आलं नाही. "बघ. ड्रॉइंगच्या रेघा कागदात असतात. तू लिहिलंस ते कागदावर ठेवलेल्या काचेवर असतं. ओढताना कागद येतो, काच मागेच राहते. हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण काच मला दिसतच नव्हती, तर मागे काय राहिलं हे कुठून कळणार?"

"पण तू कागदाशी पडताळलंस ना?"

"तेच तर! कागदही काच झाकूनच छापला. जे कॅडमधून गळलं, तेच कागदावरूनही गळलं. दोन्ही साक्षीदार एकाच घरातले. एकमेकांशी जुळणारच."

वन्संनं दीर्घ श्वास घेतला. "मुलं असंच करतात. उत्तर तपासा म्हटलं की तेच गणित त्याच चुकीनं पुन्हा करतात, आणि म्हणतात, बाई, दोनदा केलं, दोन्ही वेळा सेम आलं."

"आणि तू काय करतेस?"

"भोपळा देते."

लेझरवाला फिसकन हसला आणि लगेच खोकला.

ताई हसली नाही. तिला एक गोष्ट टोचत होती आणि ती कॅडची नव्हती. फाइल आली त्या दिवशी वन्संला फोन करून 'तुला काय वाटतं गं?' एवढं विचारायला काय झालं होतं? ड्रॉइंगमधल्या प्रत्येक रेघेला तिनं जाब विचारला होता. जिच्यासाठी ओटा होता तिला मात्र नाही. आर्किटेक्टबाईंनी काढलंय, मापं बरोबर आहेत, विषय संपला. दादानं खरंच काही सांगितलं नव्हतं. पण रात्री जेवताना तो 'बघू, किती दिवस टिकते' म्हणाला तेव्हा हिनं मान हलवली होती. नुसती सवयीनं. सवयीनंच पडदाही टाकला होता.

"वन्सं, दादा काही बोलला नाही," ती म्हणाली. "बोलला असता तर निदान त्याच्यावर ढकलता आलं असतं. हे सगळं माझंच."

मालक तेवढ्यात प्रेसकडून आले. वातावरण बघून त्यांनी चष्मा कपाळावर चढवला.

"कापले?"

"कापले," लेझरवाला म्हणाला.

"चुकले?"

"फाइलमध्ये होतं तसेच कापले."

"फाइल चुकली," ताई म्हणाली. "मी."

मालकांनी दोन्ही पत्र्यांकडे पाहिलं, ताईकडे पाहिलं. वर्षानुवर्षं या वाक्याची वाट बघत असल्यासारखा त्यांचा चेहरा झाला होता, पण आता वाक्य आलं तर त्यांना त्यात गंमत वाटेना. "म्हणजे तुमचंही चुकतं," ते एवढंच म्हणाले, जरा हिरमुसून. "पत्रा आहे अजून. उभे करून ठेवा ते तिकडं, काहीतरी छोटं निघेल त्यातनं. पण पुढच्याला हात लावायच्या आधी मला सांगा."

ताई कामाला बसली. फुली सोपी होती: पट्टी गेली, खाचा गेल्या, पत्रे हलू नयेत म्हणून आधार वर, मागच्या भिंतीलगत घेतला. भोकही सोपं: सिंकच्या तळाला मागच्या कडेशी, पाइप तिथून भिंतीला चिकटून खाली. आणि वन्संचं प्रत्येक वाक्य तिनं कॅडच्या आत, रेघांशेजारी, खऱ्या अक्षरांत टाइप केलं. काच नको, कागदातच.

बाणाशी येऊन ती थांबली.

"'थोडं वर.' किती?"

"थोडं."

"वन्सं, मशिनला थोडं कळत नाही. किती मिलिमीटर?"

"मला काय माहीत? तू मापंवाली."

"आर्किटेक्टबाईंनी खाली सातशे मोकळे ठेवलेत."

"ते त्यांनी पुस्तकातनं घेतलंय. पुस्तकातली बाई माझ्यापेक्षा बुटक्या खुर्चीत बसत असेल."

ताईनं कॅडकडे बघितलं. सातशे हा आकडा तिनं तपासला होता. रेघ मोजली होती, तीही सातशेच भरली होती. आकडा रेघेशी जुळत होता, रेघ कागदाशी जुळत होती, आणि या सगळ्या जुळाजुळवीत वन्संची खुर्ची कुठेच नव्हती. वन्संच्या बाणात आकडा नव्हता, पण खुर्ची होती.

तिनं लॅपटॉप बंद केला आणि खिशातली मापाची टेप काढली. "हात वर कर."

"अय्या, चोर पकडल्यासारखं?"

"खुर्चीच्या हातावरचे हात उचल गं."

ती गुडघ्यांवर बसली. जमिनीपासून खुर्चीच्या हाताच्या वरच्या कडेपर्यंत टेप धरली. सातशे पस्तीस. पुन्हा धरली, दुसऱ्या बाजूनं. सातशे पस्तीस. सातशेच्या ओट्याखाली ही खुर्ची कधीच शिरली नसती. वन्सं ओट्यापासून हातभर लांब बसली असती आणि पुढे वाकून वाकून कांदा कापला असता. आठवडाभर कापला असता, हट्टानं. मग दादाला फोन.

"साडेसातशे मोकळे हवेत," ताई म्हणाली. "मग ओटाच पन्नासनं उचलू. साडेआठशे."

"आणि माझे खांदे?"

"म्हणजे?"

"कापून दाखवते. फळी आहे का?"

लेझरवाल्यानं एक प्लायची फळी आणली, दोन स्टुलांवर ठेवली, खाली पत्र्याचे तुकडे घालून साडेआठशेला आणली. वन्सं खुर्चीसकट तिच्याखाली शिरली. पेन हातात घेऊन हवेतला कांदा कापायला लागली, आणि खरंच, दोन्ही खांदे कानांपर्यंत चढले.

"दिसलं? असं रोज केलं तर महिन्यात मान गेली."

"तोंडपण वाकडं करत्येय," लेझरवाला म्हणाला.

"कांदा आहे तो," वन्सं म्हणाली. "डोळ्यांत गेला."

फळी आठशेला आणली. खांदे खाली आले. पण आता फळीखाली साडेसातशे मोकळे हवेत, म्हणजे फळी आणि तिच्या पुढच्या कडेला खाली वळवलेली पट्टी मिळून पन्नासातच बसायला हवी. ड्रॉइंगमध्ये ती शंभर होती.

"शंभर कशाला लागते एवढी?" ताईनं विचारलं.

"दिसायला," मालक मागून म्हणाले. ते कधी येऊन उभे राहिले होते कुणास ठाऊक. "नुसती शोभा. पन्नास पुरते. आतून एक घडी मारू, वाकणार नाही."

"नक्की?"

"अहो, मी पत्राच वाकवत आलोय जन्मभर. तेवढं एक मला येतं."

ताईनं पट्टी पन्नासची केली. माप पुन्हा जिवंत बसवलं, रेघ हलली की आकडा हलेल असं. मग लॅपटॉप वन्संच्या मांडीवर ठेवला.

"बघ."

"बघितलं की आत्ता."

"नाही. तुझ्या लालाशी जुळवून बघ. एकेक. मी बाजूला उभी राहते, बोलणार नाही."

वन्संनं टॅबलेट एका बाजूला, लॅपटॉप दुसऱ्या बाजूला धरून सावकाश, पेपर तपासतात तसं पाहिलं. भोक. फुली. बाण. एका ठिकाणी थांबून तिनं मोजायला लावलं. लेझरवाला हात पुसत उभा. कुणी घाई केली नाही.

"पास," ती शेवटी म्हणाली. "काठावर."

हिरवं बटण दाबलं गेलं.

ओटा बसला त्याच्या दुसऱ्या दिवशी ताई आणि दादा नव्या घरी गेले. दादा दारातूनच चौकशी करत होता: नळ बंद होतो का, गॅसचं बटण हाताला येतं का, कुणाला बोलावायचं झालं तर घंटी कुठंय. वन्सं खुर्ची वळवून ओट्याकडे गेली, आणि खुर्चीचे दोन्ही हात पुढच्या कडेखाली आवाज न करता आत सरकले. पोट ओट्याला टेकलं. तिनं नळ सोडला, गरम पाणी आलं, वाफ आली. ताईनं नकळत खाली वाकून पाइप बघितला. तो मागे, भिंतीशी होता. वन्संच्या गुडघ्यांपासून लांब.

"आणखी काही लागेल का गं?" दादानं विचारलं. "वहिनीला थांबू दे का मदतीला?"

"वहिनीला बाहेर बसू दे," वन्सं म्हणाली. सुरी हातात घेऊन तिनं पहिला कांदा अर्धा केला. "एवढीशी जागा आहे, त्यात गर्दी नको. आणि दादा, तू हात धुऊन घे. अर्ध्या तासात वाढते."

दादानं ताईकडे पाहिलं. काहीतरी बोलायला त्याचं तोंड उघडलं होतं. ताईनं त्याच्या दंडाला धरून त्याला बाहेरच्या खोलीत आणलं आणि खुर्चीत बसवलं. आतून सुरीचा आवाज येत होता, एकसारखा, न थांबता.

"ऐक नुसतं," ती म्हणाली.

तो ऐकत बसला. थोड्या वेळानं उठला आणि हात धुवायला गेला.